शॅक बंद झाल्यावर झोप, भूक आणि शरीराचं घड्याळ परत सकाळवर कसं आणायचं

मे संपता संपता गोव्याच्या किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामी खानावळी, उतरवले जातात आणि ऑक्टोबरपासून रात्री दोन-तीनला झोपणारी कितीतरी मुलं आपापल्या गावी परततात. कुणी कुंडईच्या किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात चार महिन्यांचं काम धरतो, कुणी घरची शेती बघतो, कुणी म्हापशाच्या बाजारात भावाच्या दुकानावर बसतो. काम बदलतं, पण झोप बदलत नाही. रात्री एक वाजेपर्यंत डोळा लागत नाही, सकाळी सहाला उठवलं तर अंगात जीव नसतो, न्याहारी घशाखाली उतरत नाही आणि रात्री साडेअकराला मात्र पोटात आग पडते. घरचे त्याला आळस म्हणतात. तो आळस नाही. त्याचं शरीर अजून कांदोळीच्या शॅकच्या वेळेवर चाललं आहे, आणि ते घरच्या वेळेवर आणण्याची एक पद्धत आहे.

हा लेख त्या पद्धतीबद्दल आहे. शॅकवाल्याचं उदाहरण घेतलं आहे कारण त्यात फरक मोठा, चार तासांचा आहे. ज्यांची झोप तास-दीड तासच उशिरा गेली आहे त्यांनाही पायऱ्या याच, फक्त कमी दिवसांच्या.

घड्याळ एक नाही

मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. शरीराचं मुख्य घड्याळ ते. झोपेची वेळ, अंगाचं तापमान, रात्री वाढणारं मेलॅटोनिन, पहाटे वाढणारं कॉर्टिसॉल हे सगळं तेच ठरवतं. माणसाला बाहेरची कुठलीच खूण मिळाली नाही तर हे घड्याळ सरासरी चोवीस तास दहा-बारा मिनिटांच्या फेऱ्याने चालतं, म्हणजे रोज थोडं मागे पडतं. ते रोज जुळवून घेण्याचं मुख्य काम उजेड करतो. त्यासाठी डोळ्याच्या पडद्यात वेगळ्या पेशी असतात. आपण ज्यांनी आकृती आणि रंग बघतो त्या ह्या नव्हेत. आकाशाच्या निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात.

यकृत, स्वादुपिंड, आतडी, चरबी यांची मात्र स्वतःची घड्याळं असतात, आणि ती बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळेवर चालतात. ब्रिटनमधल्या सरे विद्यापीठातला २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे फार उपयोगी आहे. त्यात काही पुरुषांची तिन्ही जेवणं पाच तास पुढे ढकलली. सहा दिवसांनी पाहिलं तर त्यांच्या रक्तातल्या साखरेची दैनंदिन लय साडेपाच तासांहून थोडी जास्त पुढे सरकली होती. मेलॅटोनिन आणि कॉर्टिसॉलची लय मात्र जागची हलली नव्हती. म्हणजे नुसतं रात्रीचं जेवण लवकर केल्याने झोप लवकर येणार नाही, आणि नुसता सकाळचा उजेड घेतल्याने पोट वेळेवर येईल याची खात्री नाही. दोन्ही दोऱ्या एकदम ओढाव्या लागतात. बहुतेकांचा प्रयत्न फसतो तो ह्याच ठिकाणी: एक गोष्ट नेमाने करतात आणि दुसरी तशीच राहते.

सकाळचा उजेड म्हणजे नक्की केव्हाचा?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही. प्रत्येक सकाळचा उजेड घड्याळ लवकर आणत नाही. झोपेत अंगाचं तापमान हळूहळू उतरतं आणि नेहमीच्या, गजराशिवायच्या उठण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी ते सर्वात खाली जातं. त्या क्षणानंतर डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ लवकरच्या बाजूला ओढतो. त्या क्षणाच्या आधीचा उजेड ते आणखी उशिराच्या बाजूला ढकलतो, कारण शरीराच्या लेखी ती अजून रात्र असते.

आपल्या शॅकवाल्या मुलाचा हिशोब करू. कांदोळीच्या एका शॅकच्या स्वयंपाकघरात तो काम करायचा, घर म्हापशाजवळ. रात्री बाराला काम सुटायचं, एकला मासे-भात, तीनला झोप, साडेदहाला जाग. त्याच्या तापमानाचा तळ सकाळी आठच्या आसपास येतो. एक जूनला घरी आल्यावर आईने त्याला सहाला उठवून अंगणात बसवलं, तर त्या दोन तासांचा उजेड त्याचं घड्याळ उलट दिशेने ढकलणार. त्या रात्री झोप अजून उशिरा येणार, दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाचा गजर, आणि चार दिवसांत मुलगा हात टेकणार. "उद्यापासून पहाटे उठ" हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो, पण तीन-चार तासांनी घसरलेल्या झोपेला तो अपायच करतो.

म्हणून पहिली पायरी उठण्याची नाही, मोजण्याची आहे. हंगाम संपल्यावर पहिले दोन-तीन दिवस साचलेली झोप भरून निघते, ते धरू नका. त्यानंतरचे तीन दिवस गजर न लावता झोपा आणि जाग कितीला येते ते लिहून ठेवा. तिन्हींची साधारण सरासरी काढा. त्यातून अडीच तास वजा केले की तुमचा तळ कुठे आहे याचा कामापुरता अंदाज मिळतो. उजेड घ्यायचा तो त्याच्यानंतर.

रोज किती सरकवायचं

घड्याळ लवकर आणणं हे उशिरा नेण्यापेक्षा कठीण असतं, कारण त्याचा मूळ कल मागे पडण्याकडेच आहे. घरच्या परिस्थितीत दर दोन दिवसांना अर्धा तास हा वेग बहुतेकांना पेलतो. साडेदहावरून साडेसहावर यायला आठ पायऱ्या, म्हणजे सोळा दिवस. हंगाम संपताना नवीन कामाची तारीख ठरवत असाल तर हे सोळा दिवस आणि मोजण्याचे पाच-सहा दिवस त्यात धरा.

त्या मुलाचे पहिले दोन दिवस असे जातील. सकाळी दहाला गजर. लगेच बाहेर, पाऊण तास. अकराच्या आत पहिलं खाणं. साडेतीनला जेवण. रात्री साडेअकराला शेवटचं जेवण, अडीचला अंथरूण. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी हे सगळं अर्ध्या तासाने अलीकडे: साडेनऊला उठणं, साडेदहाच्या आत खाणं, तीनला जेवण, अकराला रात्रीचं जेवण, दोनला झोप. असं करत पंधराव्या दिवशी तो साडेसहाला उठेल, साडेसातला न्याहारी करेल, रात्री आठला जेवेल आणि अकराला आडवा होईल. दुपारचं जेवण तेवढं साडेबारा ते एकच्या मध्ये ठेवायला हरकत नाही, कारखान्याची सुट्टी असेल तशी.

यात एक गोष्ट नीट पाहा. उठणं, उजेड, पहिलं खाणं, शेवटचं खाणं आणि झोप या पाच वेळा एकत्र सरकतात. घरी सगळे नऊला जेवतात म्हणून पहिल्याच दिवशी त्यांच्याबरोबर जेवलात, तर झोप अडीचला असल्यामुळे साडेबाराला पुन्हा भूक लागेल आणि फ्रीज उघडला जाईल. सुरुवातीला आईला सांगा की माझं ताट झाकून ठेव, आठ-दहा दिवसांत मी तुमच्या पंक्तीला येतो.

एखाद्या पायरीवर दोन रात्री आडवं पडून अर्धा तास उलटला तरी डोळा लागला नाही, तर पुढे जाऊ नका. त्याच वेळांवर आणखी दोन दिवस थांबा. मागे मात्र जायचं नाही. उलट गजराच्या आधी पाच-दहा मिनिटं आपसूक जाग येऊ लागली तर घड्याळ तुमच्याबरोबर येतंय, पुढची पायरी घ्या.

जूनमधला उजेड

गोव्यात जूनमध्ये सूर्य सहा वाजून पाच मिनिटांच्या सुमाराला उगवतो. जानेवारीत तोच सातनंतर उगवतो, कारण तेव्हा दिवस लहान असतो, शिवाय आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या बऱ्याच पश्चिमेला आहोत आणि आपली खरी दुपार सरासरी साडेबारानंतर होते. म्हणजे साडेसहाला उठण्याचं ध्येय पावसाळ्यात सूर्याच्या बाजूने आहे. अडचण ढगांची आहे.

तरीही ढगाळ आकाशाला कमी लेखू नका. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांशी साधारण शंभर ते तीनशे लक्स भरतो. मातीची कौलं, खाली उतरलेली वळचण आणि लहान खिडक्या असलेल्या जुन्या घरात पावसाळी सकाळी त्याहूनही कमी. बाहेर मात्र ढग भरलेले असतानाही काही हजार लक्स सहज असतात, आणि ऊन पडलं की पन्नास हजारांच्या वर. डोळ्याला हा फरक एवढा जाणवत नाही, कारण बाहुली आणि डोळ्याचा पडदा जुळवून घेतात. पण घड्याळाला तो पोचतो. म्हणून खिडकीजवळ बसून चहा पिण्याला मी बाहेर गेल्यात धरत नाही.

ऊन असेल तर वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. ढगाळ असेल तर पाऊण तास, काळोखी करून आलं असेल तर तासभर. पाऊस पडत असेल तर बल्कांवात किंवा पुढच्या सोप्यावर, अगदी कडेला, तोंड आकाशाकडे करून बसा. सूर्याकडे बघायचं नाही, उघडं आकाश नजरेच्या टप्प्यात असलं की झालं. चालायला जात असाल तर काळी छत्री डोक्यावर टेकवून चालू नका. ती आकाशच झाकते. रेनकोट बरा. हेल्मेटची काच काळी असेल तर ती सकाळपुरती बदला. पोदेराची वाट बघत गेटवर उभं राहणं, तुळशीला पाणी घालणं, अंगणातला पालापाचोळा काढणं ह्यात हा वेळ आपसूक जातो, वेगळा व्यायाम म्हणून तो काढावा लागत नाही.

संध्याकाळची बाजूही सांभाळायची आहे, आणि ती सकाळपेक्षा जास्त चुकते. झोपण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास घरातला मोठा पांढरा दिवा बंद करून पिवळा, खालच्या उंचीचा दिवा लावा. मोबाइल अगदीच हवा असेल तर प्रकाश सर्वात कमी करा आणि तो चेहऱ्यापासून लांब धरा. सकाळी पाऊण तास कमावलेलं रात्री दोन तास पांढऱ्या ट्यूबलाइटखाली क्रिकेट बघण्यात जाऊ शकतं. चहा-कॉफीचंही तसंच. पोटात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायला पाच-सहा तास लागतात, म्हणून शेवटचा चहा झोपेच्या आठ तास आधी.

सकाळी भूक लागत नाही त्याचं काय

सकाळी भूक नसणं हे बहुतेकांना स्वभावच वाटतं. त्यात घड्याळाचा वाटा मोठा आहे. लोकांना मंद उजेडात, बाहेरच्या वेळेचा पत्ता न लागू देता ठेवून भूक मोजली, तेव्हा असं दिसलं की भुकेचीही स्वतःची लय आहे: साधारण सकाळी आठच्या सुमाराला ती सर्वात कमी आणि रात्री आठच्या सुमाराला सर्वात जास्त, मग जेवण केव्हाही झालेलं असो. ही वेळ सर्वसाधारण झोप असलेल्यांची. ज्याचं घड्याळ चार तास मागे आहे त्याचा भुकेचा तळ दुपारकडे येतो आणि शिखर मध्यरात्रीकडे. वर रात्री एकला भरपेट जेवलेलं असतं तेही सकाळपर्यंत पुरतं.

म्हणून पहिल्या आठवड्यात भुकेची वाट बघू नका, वेळेची बघा. उठल्यापासून तासाभरात काहीतरी खायचं, आणि ते थोडंच. अर्धी पोई आणि एक उकडलेलं अंडं. किंवा वाटीभर पेज, बरोबर भाजलेलं सुकं किंवा मुगाची उसळ. अंडं, डाळ, मासळी असं काही प्रथिनाचं त्यात असावं, कारण नुसता गोड चहा आणि बिस्किटांनी दोन तासांत पुन्हा गळून जायला होतं. गोव्यात पेज दहा-साडेदहाला घेण्याची जुनी रीत शेतावर पहाटेपासून राबणाऱ्यांची आहे. कारखान्याच्या वेळेला ती साडेसातला आणावी लागते, एवढाच बदल.

शेवटचं जेवण झोपेच्या तीन तास आधी का, यालाही कारण आहे. झोपेच्या साधारण दोन तास आधीपासून मेलॅटोनिन वाढू लागतं, आणि ते वाढलेलं असताना स्वादुपिंडाकडून इन्सुलिन कमी प्रमाणात सुटतं. तोच भात आठला खाल्ला तर साखर जितकी चढते त्याहून ती मध्यरात्री जास्त चढते आणि जास्त वेळ वर राहते. शिवाय आडवं पडल्यावर आंबट वर येणं, छातीत जळजळ, आणि त्यामुळे तुटणारी झोप. सोळा दिवसांत रात्रीचं ताट थोडं हलकं आणि दुपारचं थोडं जड करा. हुमण-शीत दुपारी पोटभर खा, रात्री भात निम्मा.

साधारण आठव्या-दहाव्या दिवशी सकाळी खरी भूक लागायला लागते. माझ्या मते हीच सगळ्यात विश्वासाची खूण आहे. झोप थकव्यानेही लवकर येऊ शकते, सकाळची भूक मात्र घड्याळ सरकल्याशिवाय सहसा येत नाही. ती आली नाही तर रात्रीच्या खाण्याच्या वेळा पुन्हा लिहून काढा. जेवणानंतरचा एखादा लाडू, दूध किंवा बियर त्यात निघते. बियर झोप आणते असं वाटतं, पण पहाटेच्या झोपेचे ती तुकडे करते.

जिथे बिघडतं

पहिलं ठिकाण रविवार. सहा दिवस साडेसहा आणि रविवारी दहा, असं केलं की रविवारी रात्री झोप उशिरा येते आणि मंगळवारपर्यंत डोकं जड राहतं. सुट्टीला तासभर जास्त झोपा, त्याहून नको. दुसरं ठिकाण चवथ. आरत्या, भजनं, पाहुणे, आणि जेवायला हमखास उशीर. ते टाळायला मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा फार तर एक तास उशिरा उठा, उजेड घ्या, दुपारी तीनच्या आत वीस मिनिटं डोळे मिटा आणि त्या रात्रीचं जेवण पुन्हा आठला करा. एका रात्रीने घड्याळ बिघडत नाही, सलग पाच-सहा रात्रींनी ते बिघडतं.

आणि काम आठवड्याभरातच सुरू होणार असेल, तर रोज अर्धा तास हा वेग घ्यावा लागतो. त्यात झोप कमी पडते. तापमानाच्या तळाआधी बाहेर पडावं लागत असेल त्या दिवसांत जाताना काळा चष्मा लावा आणि तळ उलटून गेल्यावर कामाच्या ठिकाणी बाहेर येऊन तो काढा. स्कूटर चालवताना तो लावायचा तर ढगाळ काळोखात नको. आणि वाटेत डोळे मिटू लागले तर गाडी घरी ठेवून बस धरा. पावसातल्या रस्त्यावर ही डुलकी जिवावर बेतते.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलून डोसची वेळही ठरवून घ्या, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. उन्मादाचा म्हणजे बायपोलर आजार असलेल्यांनी झोप आणि उजेड यांचे प्रयोग स्वतःच्या मनाने करू नयेत. मेलॅटोनिनच्या गोळीचंही तेच. चुकीच्या वेळी घेतली तर तीही उलट दिशेला ढकलते. जोरजोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि आठ तास झोपूनही दिवसभर पेंग हे सगळं असेल तर वेळा बदलून ते जाणार नाही. त्याची तपासणी वेगळी असते.

ऑक्टोबरमध्ये परत

शॅक पुन्हा उभे राहतील तेव्हा घड्याळ उशिरा न्यावं लागेल, आणि ते सोपं आहे: रोज तासभर उशिरा झोपलात तरी शरीर ऐकतं, कारण कल तिकडेच आहे. चार-पाच दिवस पुरतात. त्या दिवसांत संध्याकाळचा उजेड लांबवा, किनाऱ्यावर सूर्यास्तापर्यंत बाहेर राहा, आणि सकाळी झोपायच्या खोलीला जाड पडदा लावा. एक गोष्ट मात्र पावसाळ्यातून हंगामात न्या. मुख्य जेवण काम सुटल्यावर एकला न घेता कामाच्या मध्ये, सात-साडेसातला, गिऱ्हाईक वाढायच्या आधी घ्या. शॅकमालकाशी त्यासाठी सुरुवातीलाच वीस मिनिटांची वेळ ठरवून घ्या. रात्री सुटल्यावर भूक लागलीच तर वाटीभर पेज किंवा ताक-भात घ्या, ताट नको. सकाळी जाग साडेदहाला येवो की अकराला, उठल्यावर आधी बाहेर, मग चहा आणि तासाभरात खाणं, हा क्रम तोच.